वॉरफॅरिन सुरू करताना पहिल्या तीन-चार दिवसांत रक्त उलट गोठतं, ते कसं?

प्रश्न: माझ्या मावशीला पायात रक्ताची गाठ झाली म्हणून वॉरफॅरिन सुरू केलं. चौथ्या दिवशी मांडीवरची कातडी काळी पडली. डॉक्टर म्हणतात तिच्यात प्रोटीन सी कमी असेल. रक्त पातळ करायच्या गोळीनं रक्त गोठलं कसं? आता तिला ही गोळी कधीच चालणार नाही का?

उत्तर:

मी नागपुरात फिजिशियन आहे. असा रुग्ण फार क्वचित दिसतो. वॉरफॅरिन घेणाऱ्या हजारात एकाला, किंवा त्याहूनही कमी लोकांना हा त्रास होतो. मी मात्र तो जवळून पाहिला आहे आणि त्या बाईंची मांडी अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. वॉरफॅरिन रक्त ‘पातळ’ करत नाही. रक्तात आधीपासून फिरत असलेल्या एकाही घटकाला ते हात लावत नाही. ते यकृतात काम करतं. रक्त गोठवणारे चार घटक, म्हणजे दोन, सात, नऊ आणि दहा नंबरचे, यकृतात तयार होताना त्यांना शेवटी व्हिटॅमिन के लागतं. वॉरफॅरिन ते व्हिटॅमिन पुन्हा वापरात येऊ देत नाही, त्यामुळे नवा माल अर्धवट आणि निकामी निघतो. जुना माल संपेपर्यंत रक्तातच फिरत राहतो.

अडचण अशी, की याच व्हिटॅमिन के वर रक्ताला आवर घालणारी दोन प्रथिनंही बनतात : प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. (सी हे नाव साधं आहे. 1976 मध्ये स्टेनफ्लो यांनी गाईच्या रक्तातून प्रथिनं वेगळी केली, तेव्हा हे तिसऱ्या क्रमांकाच्या ढिगात सापडलं, ए आणि बी नंतर सी.) रक्त गोठायला लागलं की प्रोटीन सी जागं होतं आणि गोठण्याला वेग देणारे पाच आणि आठ नंबरचे घटक तोडून टाकतं. गुठळी जिथे हवी तिथेच राहते, पुढे पसरत नाही.

म्हणजे वॉरफॅरिन सुरू केलं की गोठवणारे घटक आणि आवर घालणारी प्रथिनं, दोन्हींचं उत्पादन एकाच वेळी मंदावतं. मग आधी काय संपतं? दुकान बंद झालं की घरातलं दूध पहिल्याच दिवशी संपतं, पोत्यातले तांदूळ महिनाभर पुरतात. प्रोटीन सी हे दूध आहे. रक्तात त्याचा साठा साधारण 8 तासांत निम्मा होतो. दोन नंबरचा घटक, प्रोथ्रॉम्बिन, हे तांदूळ. त्याचा साठा निम्मा व्हायला 60 तास किंवा जास्तच लागतात, आणि गुठळी घडवणारं थ्रॉम्बिन त्याच्यापासूनच बनतं.

आता हिशेब करून पाहा. समजा उत्पादन पूर्ण थांबलं. निरोगी माणसाचं प्रोटीन सी 100 वरून 8 तासांत 50, 16 तासांत 25 आणि 24 तासांत साधारण 12 वर येईल. त्याच 24 तासांत प्रोथ्रॉम्बिन मात्र 75 च्या आसपास असेल. ज्यांना आई किंवा वडिलांकडून प्रोटीन सी चं एक सदोष जनुक आलेलं आहे, त्यांची सुरुवातच साधारण 50 पासून होते. चोवीस तासांनी त्यांच्याकडे 6 उरतील, आणि प्रोथ्रॉम्बिन तेच 75. प्रत्यक्षात यकृताचं काम पूर्ण बंद पडत नाही, त्यामुळे आकडे इतके खाली जात नाहीत, पण क्रम हाच असतो. गोळीचा डोस जितका मोठा, तितकं उत्पादन जास्त दबतं आणि ही दरी तितकी रुंद होते. म्हणून पहिल्याच दिवशी 10 मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त देण्याची जुनी पद्धत या लोकांसाठी धोक्याची आहे. आपल्याकडे वॉरफॅरिनऐवजी बऱ्याच जणांना एसेनोकुमेरॉल देतात. ते त्याच घराण्यातलं आहे, तिथेही हेच घडू शकतं.

पुढचा सापळा आयएनआरचा. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी ही तपासणी सुरुवातीच्या दिवसांत मुख्यतः सात नंबरच्या घटकाची घट दाखवते, कारण तोही 6 तासांत निम्मा होतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी आयएनआर 2 च्या वर गेला तरी प्रोथ्रॉम्बिन अजून भरपूर असतं. रिपोर्ट सांगतो ‘औषध लागू झालं’, रक्त मात्र अजून गोठायला टपलेलं असतं. माझ्या रुग्णाच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

त्या 38 वर्षांच्या, काटोलकडच्या. संत्र्याच्या बागेत काम करायच्या. मे महिन्यात डावा पाय सुजला, डॉपलरमध्ये मांडीच्या शिरेत गाठ दिसली. एका खासगी दवाखान्यात पोटावर हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची इंजेक्शनं आणि सोबत वॉरफॅरिन 10 मि.ग्रॅ. सुरू झालं. दोन दिवस तोच डोस दिला. तिसऱ्या दिवशी आयएनआर 2.2 आला, म्हणून इंजेक्शनं बंद करून गोळ्या देऊन घरी पाठवलं. इंजेक्शनं महाग, घरच्यांनाही बरंच वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांना उजव्या मांडीत आग व्हायला लागली. पाय डावा सुजलेला, आग उजव्या मांडीत. कातडीवर तेव्हा काहीच नव्हतं. दुपारी तळहाताएवढा लाल चट्टा आला, रात्री तो जांभळा झाला, कडा पेनानं आखल्यासारख्या स्पष्ट. घरच्यांना वाटलं सुईचा मार असेल. पाचव्या दिवशी त्यावर रक्ताचे फोड आले, तेव्हा आमच्याकडे आणलं. त्या मला म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, मांडी आतून जळून राहिली, वरून हात लावू देवत नाही.’

सुईच्या डागात आणि यात फरक करता येतो. सुईचा डाग टोचलेल्या जागी, म्हणजे पोटावर असतो. तो फारसा दुखत नाही आणि चार-सहा दिवसांत हिरवा-पिवळा होत जातो. इथे दुखणं आधी येतं, डाग नंतर, आणि दुखणं डागाच्या मानानं फार जास्त असतं. जागा चरबीच्या असतात : मांडी, नितंब, पोट, स्त्रियांमध्ये स्तन. वेळही ठरलेली, बहुतेकदा गोळी सुरू केल्यापासून तिसरा ते सहावा दिवस, कधी दहाव्यापर्यंत. कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर खालच्या बारीक शिरा गुठळ्यांनी गच्च भरलेल्या दिसतात, मात्र शिरांच्या भिंतीला सूज नसते. रक्तपुरवठा तुटल्यामुळे कातडी मरते.

आम्ही वॉरफॅरिन लगेच थांबवलं. व्हिटॅमिन के सलाइनमधून हळू दिलं, म्हणजे यकृत पुन्हा पूर्ण प्रोटीन सी बनवू लागेल. पण त्याला वेळ लागतो, म्हणून ताज्या गोठवलेल्या प्लाझ्माच्या पिशव्या चढवल्या. त्यात तयार प्रोटीन सी असतं. शुद्ध प्रोटीन सी चं इंजेक्शन यापेक्षा चांगलं, पण ते आपल्याकडे सहज हाताशी नसतं. आणि हेपॅरिन शिरेतून पूर्ण डोसमध्ये सुरू केलं. हेपॅरिन वेगळ्या वाटेनं, अँटीथ्रॉम्बिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनामार्फत काम करतं. प्रोटीन सी कमी असलं तरी त्याचं काही अडत नाही. ते देण्याआधी प्लेटलेट पाहिल्या, त्या 2.4 लाख होत्या. हे आवर्जून सांगतो, कारण हेपॅरिनमुळेच प्लेटलेट पडून गुठळ्या होण्याचा एक वेगळा आजार आहे. त्यातही कातडी काळी पडते, आणि तिथे पुन्हा हेपॅरिन देणं घातक ठरतं.

चट्टा पसरायचा थांबला, पण मधला भाग वाचला नाही. तो काढून दुसऱ्या मांडीची कातडी लावावी लागली. दवाखान्यात जवळपास पाच आठवडे गेले.

आता तुमच्या मावशींच्या तपासणीविषयी. सध्या प्रोटीन सी मोजलं तर ते कमीच येईल, कारण वॉरफॅरिनवर ते प्रत्येकाचं कमी येतं. नव्या गाठीमुळेही ते खाली जातं. प्लाझ्मा दिल्यावर मोजलं तर उलट खोटं चांगलं दिसू शकतं. माझ्या रुग्णाची तपासणी आम्ही वॉरफॅरिन थांबवून चार आठवड्यांनी केली, तोवर त्यांना हेपॅरिनच्या इंजेक्शनांवर ठेवलं होतं. आकडा आला 42 टक्के. पुन्हा केली तरी तसाच. मग विचारल्यावर कळलं, त्यांच्या आईचाही बाळंतपणानंतर पाय महिनोन्‌महिने सुजला होता. भावाचं प्रोटीन सी तपासलं, तेही कमी निघालं. तुमच्या आईचं आणि मामांचंही मोजून घ्या. मात्र हेही लक्षात असू द्या, की हा त्रास झालेल्या सगळ्यांमध्ये ही कमतरता सापडतेच असं नाही, आणि कमतरता असलेल्या बहुतेकांना वॉरफॅरिनचा असा त्रास होत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निदान चुकलं असं समजू नका.

‘कधीच चालणार नाही का’, याचं उत्तर : चालू शकतं, पण घाईनं नाही. ज्यांना वॉरफॅरिनच हवं असतं, उदाहरणार्थ हृदयात धातूची झडप बसवलेले रुग्ण, त्यांना हेपॅरिनच्या पूर्ण आधारावर 1-2 मि.ग्रॅ. पासून सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात. आयएनआर 2 च्या वर गेला तरी हेपॅरिन लगेच काढत नाहीत. साधा रुग्ण असला तरी नियम हाच आहे, की दोन्ही औषधं किमान 5 दिवस सोबत चालली पाहिजेत आणि आयएनआर 24 तास 2 च्या वर टिकला पाहिजे. मावशींसारख्या रुग्णात यापेक्षा जास्त दिवस ठेवणं योग्य.

पायातल्या गाठीसाठी दुसरा रस्ताही आहे. रिव्हारॉक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन यांसारख्या गोळ्या व्हिटॅमिन के ला हात लावत नाहीत, त्यामुळे प्रोटीन सी पडत नाही. या कमतरतेत त्यांचा अनुभव वॉरफॅरिनइतका जुना नाही, पण माझ्या रुग्णाला आम्ही अ‍ॅपिक्साबॅनवर ठेवलं आणि दोन वर्षांत नवी गाठ झाली नाही. मावशींची किडनी, वजन आणि बाकीची औषधं पाहून हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं आहे. तोवर हेपॅरिनचं एकही इंजेक्शन चुकवू नका. आणि त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या : ‘वॉरफॅरिन सुरू केल्यावर चौथ्या दिवशी कातडी काळी पडली होती.’ पुढे कधी दुसऱ्या दवाखान्यात नेलं आणि तुम्ही सोबत नसलात, तर तिथल्या डॉक्टरला हे त्या पानावरूनच कळेल.