शिफ्ट सांभाळून चौदा दिवस

डेटा स्ट्रक्चर्सच्या परीक्षेला चौदा दिवस उरलेत, तर म्हापशातली शिफ्ट संपवून रात्री नवा धडा उघडू नकोस. नवं ते सकाळी, पहिले नऊ दिवस. रात्री कागदावर एकच झाड काढायचं. उरलेले पाच दिवस फक्त जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून.

एव्हीएल झाडाला सुट्टीचा अख्खा दिवस दे, माझे गुण तिथेच गेले होते. 30, 10, 20 या क्रमाने घाल. 30 चा तोल जातो. थेट उजवीकडे फिरवलंस तर 10 वर येतो, पण झाड वाकडंच राहतं. आधी 10 पाशी डावीकडे, मग 30 पाशी उजवीकडे फिरव. 20 मुळाशी येतो. इनऑर्डर चुकीच्या झाडातही 10, 20, 30 असाच येतो, म्हणून प्रत्येक नोडची उंची लिहून तपास.