ठरावीक मासिक हप्ता डोळ्यांसमोर ठेवून गोल सीकने कर्जाची रक्कम किंवा व्याजदर कसा काढावा?

प्रश्न: ३० लाखांचे गृहकर्ज, ८.५ टक्के, २० वर्षे. हप्ता २५,००० च्या वर मला झेपणार नाही. एक्सेलच्या गोल सीकने कर्ज किती घ्यावे किंवा दर किती मिळायला हवा, हे कसे काढायचे? मी करून पाहिले तर कर्जाची रक्कम उणे येते.

उत्तर:

रक्कम उणे येते याचे कारण गोल सीकमध्ये नसून `PMT` या सूत्राच्या चिन्हांच्या पद्धतीत आहे, म्हणून आधी मांडणी नीट करून घेऊ. `PMT` पैशांकडे खिशात येणारे आणि खिशातून जाणारे अशा दोन दिशांनी पाहते. कर्ज तुमच्याकडे येते म्हणून ते अधिक, आणि हप्ता तुमच्याकडून जातो म्हणून तो उणे. तुमच्या शीटमध्ये हप्त्याचा आकडा उणे चिन्हासह दिसत असणार, आणि तुम्ही गोल सीकला अधिक २५,००० हवेत असे सांगितले असणार. हप्ता अधिक यायचा तर कर्ज उणे असले पाहिजे, हे त्याने गणिताच्या दृष्टीने अगदी बरोबर शोधून दिले. सूत्राच्या आधी एक उणे चिन्ह दिले की हा घोटाळा मिटतो.

```
B1   3000000
B2   8.5%
B3   240
B4   =-PMT(B2/12,B3,B1)
```

`B1` मध्ये कर्ज, `B2` मध्ये वार्षिक दर, `B3` मध्ये महिन्यांची संख्या आणि `B4` मध्ये हप्ता. दराला १२ ने भागले आहे आणि मुदत महिन्यांत लिहिली आहे, कारण आपल्याकडील गृहकर्जावर व्याज घटत्या शिलकीवर दरमहा आकारले जाते. `B4` मध्ये २६,०३४.७० रुपये दिसले की मांडणी बरोबर आहे असे समजावे. म्हणजे तुमच्या मर्यादेपेक्षा हप्ता महिन्याला १,०३५ रुपयांनी जास्त आहे.

आता कर्जाची रक्कम काढू. `Data` टॅबवर `What-If Analysis` मध्ये `Goal Seek` आहे (लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ते `Tools` मेनूत मिळते). उघडणाऱ्या चौकटीत तीन रकाने असतात. `Set cell` मध्ये `B4` द्या, `To value` मध्ये 25000 हा आकडा हाताने टाइप करा, कारण तिथे दुसऱ्या सेलचा पत्ता चालत नाही, आणि `By changing cell` मध्ये `B1` द्या. पहिल्या रकान्यातील सेलमध्ये सूत्र असलेच पाहिजे आणि तिसऱ्या रकान्यातील सेलमध्ये नुसता आकडा असला पाहिजे. घराच्या किमतीतून स्वतःची रक्कम वजा करून कर्ज काढणारे सूत्र `B1` मध्ये असेल, तर एक्सेल तो सेल स्वीकारणार नाही. अशा वेळी ज्या मूळ आकड्यावर ते सूत्र उभे आहे, त्याचा सेल द्यावा.

उत्तर २८,८०,७७१ रुपये येते. म्हणजे दर आणि मुदत तीच राहिली, तर तुम्हाला ३० लाखांऐवजी सुमारे १,१९,२०० रुपये कमी कर्ज घ्यावे लागेल आणि तेवढी भर स्वतःच्या पैशांतून घालावी लागेल. बँकेकडे अर्ज करताना हा आकडा खालच्या बाजूला पूर्णांकात घ्यावा. २८,८०,००० वर हप्ता २४,९९३.३१ येतो, म्हणजे मर्यादेच्या आतच राहतो.

व्याजदराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून करा: `B1` मध्ये पुन्हा 3000000 लिहा. गोल सीक मूळ आकडा पुसून त्या जागी उत्तर लिहिते. ते तसेच राहू दिले, तर `B4` आधीच २५,००० वर असतो, दर शोधायला काही उरतच नाही आणि `B2` मध्ये ८.५ टक्केच कायम राहतात. ते पाहून आपला दर पुरेसा आहे असा समज सहज होतो. यासाठी मी प्रत्येक प्रश्नाला मांडणीची वेगळी प्रत करतो, म्हणजे एका स्तंभात रक्कम शोधायची आणि शेजारच्या स्तंभात दर.

`B1` मूळपदावर आणल्यावर तीच चौकट उघडा, पहिले दोन रकाने तसेच ठेवा आणि तिसऱ्यात `B2` द्या. उत्तर जवळजवळ ७.९५ टक्के येते. ३० लाखांचा हप्ता २५,००० वर आणण्यासाठी दर ०.५५ टक्के बिंदूंनी कमी मिळाला पाहिजे, असा त्याचा अर्थ.

इथे मी स्वतः एकदा फसलो होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. माझ्या शीटमध्ये दराचा सेल दशांशाविना टक्के दाखवण्यावर ठेवलेला होता. त्यामुळे गोल सीकने काढलेले ७.९५ टक्के मला ८ टक्के असे दिसले, आणि तोच आकडा मी कागदावर उतरवून बँकेत बोलायला गेलो. घरी येऊन 8% असे हाताने टाइप केले तेव्हा हप्ता २५,०९३ आला. महिन्याला ९३ रुपये ही रक्कम मोठी नाही, पण २४० महिन्यांचा हिशोब केला तर ती २२,००० च्या वर जाते. दराच्या सेलला निदान दोन दशांश स्थाने द्यावीत, आणि मिळालेला दर हाताने टाइप करून हप्ता पुन्हा पाहावा. सेलमध्ये प्रत्यक्षात ७.९५ च्या पुढेही दशांश असतात, कारण गोल सीक अंदाजाने पुढे-मागे सरकत उत्तराजवळ येते आणि फरक पुरेसा लहान झाला की थांबते. `File`, `Options`, `Formulas` या वाटेने गेल्यास `Maximum Change` या नावाने ही मर्यादा दिसते आणि ती मुळात ०.००१ असते. आपले लक्ष्य रुपयांत असल्यामुळे हा फरक एका पैशापेक्षाही लहान आहे, तेव्हा तो बदलण्याची गरज नाही.

हप्ता पूर्ण रुपयांत दिसावा म्हणून `B4` मध्ये `ROUND` घालण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. तसे केल्यास रक्कम थोडी बदलूनही हप्ता तिथेच राहतो, त्यामुळे सुमारे ११५ रुपयांच्या पट्ट्यातील कोणतीही रक्कम गोल सीकला बरोबरच वाटते, आणि दर शोधताना तर ते मध्येच अडकू शकते. पूर्णांकातला हप्ता हवा असेल, तर तो शेजारच्या सेलमध्ये काढावा.

दर शोधताना उत्तर उणे आले किंवा उत्तर सापडले नाही असा संदेश आला, तर आधी कर्जाला महिन्यांनी भागून पाहावे. ३० लाखांना २४० ने भागले की १२,५०० येतात. ही नुसती मुद्दल झाली, म्हणून २० वर्षांत फिटणाऱ्या ३० लाखांचा हप्ता १२,५०० च्या खाली आणणारा कोणताही अधिक व्याजदर अस्तित्वातच नाही. मुदत १० वर्षे केली, तर ही तळरेषा नेमकी २५,००० वर येते, म्हणजे तुमच्या हप्त्यात १० वर्षांत ३० लाख फेडायचे तर बँकेने व्याज शून्य घ्यावे लागेल. उणे दराचे सर्वांत नेहमीचे कारण मात्र याहून साधे असते: `B3` मध्ये २४० ऐवजी २० लिहिलेले असते. तसे झाले की एकट्या मुद्दलीचाच हप्ता दीड लाख होतो, आणि तो २५,००० वर आणायला गोल सीक दराला शून्याखाली ढकलू पाहते.

आलेली उत्तरे तपासायला एक्सेलमध्येच दोन सरळ सूत्रे आहेत.

```
=PV(8.5%/12,240,-25000)
=RATE(240,-25000,3000000)*12
```

पहिले २८,८०,७७१ देते आणि दुसरे ७.९५ टक्के. `RATE` मासिक दर देते, म्हणून १२ ने गुणले आहे. ही सूत्रे सेलच्या पत्त्यांवर लिहिली, तर मुदत बदलताच उत्तरही बदलते. गोल सीकचे उत्तर मात्र तसेच पडून राहते आणि प्रत्येक बदलानंतर ते पुन्हा चालवावे लागते. तुमच्या इतक्या साध्या प्रश्नासाठी मी ही सूत्रेच वापरेन. गोल सीकची खरी गरज हिशोबात आणखी कड्या जोडल्या जातात तेव्हा पडते. उदाहरणार्थ, कर्जाच्या विम्याचा हप्ता कर्जातच मिळवला जात असेल, तर मासिक हप्ता हातात येणाऱ्या रकमेवर नव्हे, तर दोहोंच्या बेरजेवर बसतो.

```
B5   2%
B4   =-PMT(B2/12,B3,B1+B1*B5)
```

२ टक्के हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. `B2` मध्ये पुन्हा ८.५ टक्के लिहून `B1` शोधल्यास हाती येणारी रक्कम २८,२४,२८५ निघते, म्हणजे त्याच २५,००० च्या हप्त्यात घरासाठी ५६,००० हून अधिक रुपये कमी मिळतात. विम्याची रक्कम टप्प्याटप्प्याने बदलणारी असेल किंवा प्रक्रिया शुल्काला कमाल मर्यादा असेल, तर उलटे सूत्र मांडत बसण्यापेक्षा गोल सीक केव्हाही सोपे पडते.

दोन उत्तरांपैकी धरून चालण्याजोगे उत्तर माझ्या मते रकमेचे आहे, कारण रक्कम तुमच्या हातात आहे आणि दर नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून निदान एकदा त्यांचा दर नव्याने ठरतो. दर ९.५ टक्के झाला आणि मुदत तेवढीच ठेवली, तर २८,८०,००० चा हप्ता सुरुवातीलाच २६,८४५ होईल. तुमची २५,००० ची मर्यादा खरोखरच ताणता येण्याजोगी नसेल, तर `B5` मध्ये शून्य टाकून `B2` मध्ये 9.5% लिहा आणि `B1` वर गोल सीक पुन्हा चालवा. रक्कम २६,८२,०२६ येईल, आणि आजच्या ८.५ टक्क्यांना तिचा हप्ता सुमारे २३,२७५ बसेल.