हजेरीचे चार गुण आणि बुडालेल्या तासांचा हिशेब

प्रश्न: बी.फार्म.च्या पहिल्या सत्रात आहे. फार्मास्युटिक्स थिअरीचे आतापर्यंत ३० तास झाले, त्यातले मी २५ बसलो. आणखी किती तास बसलो तर इंटर्नल किती वाढेल?

आठवड्याला तीन याप्रमाणे सत्रभरात तुमचे ४५ तास होणार असतील, तर उरलेल्या १५ पैकी १४ तास बसा, म्हणजे हजेरीचा आज दिसणारा १ गुण २ होईल. पंधरावा तासही बसलात तरी हजेरीचा गुण त्याहून वाढणार नाही. मी फार्मसीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो आणि दर सत्राच्या शेवटी हे तक्ते स्वतः भरतो, म्हणून हिशेब नीट मांडून सांगतो.

फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात १०० गुणांच्या थिअरी विषयाला २५ गुण इंटर्नलचे असतात. त्यातले १५ सेशनल परीक्षांचे आणि १० वर्षभरातल्या नव्हे, तर त्याच सत्रातल्या सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे. या १० पैकी ४ गुण हजेरीचे. ९५ टक्के वा अधिक हजेरीला ४, ९० ते ९४ ला ३, ८५ ते ८९ ला २, ८० ते ८४ ला १ आणि ८० च्या खाली शून्य. म्हणजे गुण तासागणिक वाढत नाहीत, पायरी ओलांडली की एकदम वाढतात. ८० च्या खाली गेल्यावर प्रश्न नुसत्या गुणाचा राहत नाही, त्या विषयाच्या सत्रान्त परीक्षेला बसण्याची पात्रताच जाते.

आता किती तास बसलो यापेक्षा किती बुडाले ते मोजा, कारण बसलेल्या तासांची संख्या वाढवता येते, बुडालेला तास मात्र परत मिळत नाही. ४५ तासांत २ पर्यंत बुडाले तर ४ गुण, ४ पर्यंत ३ गुण, ६ पर्यंत २ गुण आणि ९ पर्यंत १ गुण. तुमचे ५ आधीच बुडाले आहेत. आणखी एक बुडाला तर ४५ पैकी ३९, म्हणजे ८६.७ टक्के, आणि २ गुण टिकतात. दोन बुडाले तर ३८, म्हणजे ८४.४ टक्के, आणि गुण १ वर येतो. पाच बुडाले तर ३५ तास होऊन तुम्ही ७७.८ टक्क्यांवर जाल आणि परीक्षेलाच मुकाल. गेल्या सत्रात माझ्या वर्गातली एक मुलगी नेमकी ३८ तासांवर थांबली. ८४.४ ला ८५ धरतील अशा समजुतीत ती होती, पण तक्त्यात तिच्या नावापुढे १ च लिहावा लागला. पूर्णांक कसा धरतात हे आपल्या वर्गशिक्षकांना आधीच विचारून ठेवा.

तीन गुणांचा एक मार्ग उरतो. शिक्षकांनी ५ जादा तास घेतले आणि तुम्ही इथून पुढचे सगळे २० तास बसलात, तर ५० पैकी ४५, म्हणजे बरोबर ९० टक्के होतात. जादा तासाला येणाऱ्याचा फायदा होतो तो असा. न येणाऱ्याची टक्केवारी त्याच तासाने उतरते. चार गुण मात्र आता गेले, कारण ५ तास बुडाल्यावर ९५ टक्क्यांसाठी एकूण १०० तास व्हावे लागतील.

एका गुणाचे मोल सेशनलशी ताडून पाहा. थिअरीची सेशनल ३० गुणांची असते, दोन सेशनलची सरासरी काढून ती १५ वर आणतात. त्यामुळे सेशनलमधून इंटर्नलचा १ गुण वाढवायचा तर राहिलेल्या एका पेपरात ४ गुण जास्त पाडावे लागतात. शिवाय सेशनल सुधारायची एक संधी नियमाने मिळते, हजेरीला तशी संधी नाही. विषयात उत्तीर्ण होण्यासाठी इंटर्नल धरून १०० पैकी ५० लागतात आणि ४८-४९ वर अडकलेले विद्यार्थी मी दर निकालात पाहतो, तेव्हा हा एक गुण मला कधीच किरकोळ वाटत नाही.

प्रॅक्टिकलची हजेरी वेगळी मोजतात, थिअरीच्या हजेरीत ती मिसळत नाही. तिथे ५० गुणांच्या विषयात हजेरीचे २ गुण असतात आणि प्रत्येक पायरी अर्ध्या गुणाची. सत्रात १५ प्रॅक्टिकल होत असतील तर एक बुडाले की दीड गुण, दोन बुडाली की एक, तीन बुडाली की अर्धा, आणि चौथे बुडताच ७३ टक्के होऊन परीक्षेची पात्रता जाते. थिअरीत नऊ तासांपर्यंत सूट दिसते, इथे ती तिनांतच संपते.

या आठवड्यात एकदा हजेरीपट पाहून घ्या. उशिरा आलेल्या दिवशी तुम्ही वर्गात होता, पण नावापुढे 'अ' पडला असेल, तर तो शिक्षकांना त्याच आठवड्यात दाखवा. तुमच्या पाचांतला असा एक जरी दुरुस्त झाला आणि उरलेले सगळे १५ तास बसलात, तर ४५ पैकी ४१ तास होऊन तीन गुणांची पायरी जादा तासांशिवायच तुमच्या हाती येते.