विक्री वाढली, मग पैसा गेला कुठे?

"मॅडम, केस ॲनालिसिसमध्ये मी स्वॉट घालते, पेस्टेल घालते, पोर्टरच्या पाच शक्ती घालते. आठ-आठ पानं होतात. तरी १५ पैकी ६ मार्क, आणि सर कडेला लिहितात, 'निदान कुठे आहे?' म्हणजे मी नेमकं काय लिहायचं?"

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाची ही मुलगी सोलापुरात माझ्याकडे आली ती तपासलेला पेपर घेऊनच. (तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) केस वर्गासाठी रचलेली होती, पण वातावरण आपल्याच गावचं: टेरी टॉवेल विणणारा एक छोटा कारखाना. मालकाने कर्ज काढून नवे माग टाकले, विक्री वाढली, तरी सुताचे पैसे द्यायला हातात रोकड नाही.

तिने निदान लिहिलं होतं, 'मार्केटिंग कमकुवत'. शिफारस, 'ऑनलाइन विक्री सुरू करावी'. मी तिला एवढंच म्हटलं, "केसच्या शेवटचे तक्ते काढ. त्यातला एकही आकडा तुझ्या आठ पानांत नाही."

तक्त्यात होतं ते असं. आदल्या वर्षी विक्री १ कोटी ८० लाख, आणि वर्षअखेर येणी साडेबावीस लाख. महिन्याला १५ लाखांची विक्री धरली, तर उधारी दीड महिन्याची झाली. यंदा विक्री २ कोटी ४० लाख, येणी ६० लाख. महिन्याला २० लाख, म्हणजे उधारी तीन महिन्यांची. उधारी दीड महिन्यावरच राहिली असती, तर येणी ३० लाख असती. उरलेले ३० लाख वसुली लांबल्याने बाहेर अडकले होते.

तिच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे वही भरली आणि गल्ला रिकामा." मी म्हटलं, हेच पहिलं वाक्य लिही.

पण ३१ मार्चची येणी हे एका दिवसाचं चित्र असतं. मार्चमध्ये एकदम मोठा माल गेला असेल, तर आकडा उगीच फुगतो. म्हणून महिन्यावार विक्री पाहिली. मार्चची विक्री २१ लाख, नेहमीसारखीच. मग येणी कोणाकडे, ते पाहिलं. ६० पैकी ४० लाख दोनच घाऊक व्यापाऱ्यांकडे. त्या दोघांची खरेदी महिन्याला ८ लाख, म्हणजे त्यांची उधारी पाच महिन्यांची. बाकीचे सगळे पावणेदोन महिन्यांच्या आत पैसे देत होते. नव्या मागांवरचा माल खपवायला मालकाने या दोघांना सैल हाताने उधार दिलं, असं केसच्या मजकुरातच एका ओळीत होतं. तिने ती वाचली होती, पण स्वॉटच्या कुठल्या चौकोनात बसवावी हे न कळल्याने सोडून दिली.

फ्रेमवर्कची खरी अडचण इथे आहे. पाच शक्तींत 'खरेदीदारांची ताकद' पुढे तिने 'मध्यम' लिहिलं होतं, कशावरून ते नाही. ४० टक्के विक्री दोन हातांत आणि तेच पैसे अडवतात, हा त्या शब्दाचा पुरावा. या केसला पाचपैकी ही एकच शक्ती पुरेशी होती. बाकी चार मी तिला खोडायला लावल्या. पेस्टेलमधूनही एकच गोष्ट ठेवली: २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाशी लेखी करार करूनही पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. मालकाला बोलणी करताना ती उपयोगी पडेल.

आता ऑनलाइन विक्रीची शिफारस पुन्हा वाचा. विक्री आणखी वाढली की सूत आधी घ्यावं लागतं, पैसा नंतर येतो. रोकड आणखी आटते. शिफारस निदानाशी ताडून पाहिली नाही की असं होतं.

तिने नवी शिफारस लिहिली: ३० दिवसांत पैसे देणाऱ्याला २ टक्के सूट. मी विचारलं, परवडतं का? तीन महिन्यांऐवजी एका महिन्यात पैसे आले, तर साठ दिवस वाचतात. त्यासाठी २ टक्के म्हणजे वर्षाला साधारण १२ टक्के पडतात. केसमध्ये बँकेच्या कॅश क्रेडिटचा दर ११ टक्के दिला होता. म्हणजे सरसकट सूट बँकेपेक्षा महाग, आणि जे आधीच वेळेवर देतात त्यांनाही ती फुकट जाते. मग तिने ती खोडली आणि दोघा व्यापाऱ्यांसाठी उधारीची मर्यादा ठरवली: मागचं येणं कमी झाल्याशिवाय नवा माल नाही.

ते दोघे सोडून गेले तर? केसमध्ये त्यावर काहीच माहिती नव्हती. ते तिने लपवलं नाही. 'मर्यादा आधी एकाच व्यापाऱ्याला, जो कमी माल घेतो त्याला लावावी. दोन महिन्यांत त्याची येणी आणि ऑर्डर दोन्ही पाहून मग दुसऱ्याला,' असं लिहिलं. पेपर साडेतीन पानांत संपला.