मुलाचा वाढदिवस पहिल्यांदाच करताय? आधी डोकी मोजा

ताई, वाढदिवसाच्या खर्चासाठी ५,००० रुपये ठरवलेत ना? मग हॉल, केक बघण्याआधी मुलांची यादी करा. खर्च वाढतो तो डोक्यांमागे. पंधरा मुलांना बोलावलंत तर वीस धरा, कारण धाकटी भावंडं येतातच. सोडायला आलेले आईबाबाही थांबतात, त्यांचे दहाजण धरा.

आता हिशेब: दीड किलोचा केक ११००, घरची पावभाजी तीस जणांना ५० प्रमाणे १५००, रिटर्न गिफ्ट वीस गुणिले ६० म्हणजे १२००, फुगे-सजावट ४००. झाले ४२००. उरलेल्या ८०० ला आधी हात लावू नका. आयत्या वेळी बर्फ, पाणी, डिस्पोजेबल प्लेट्स यातच ते जातात. रिटर्न गिफ्ट ६० चं ८० झालं की एकदम ४०० वाढतात, म्हणून दुकानात आकडा ठरवूनच जा. मी एकदा "फक्त वीसच जास्त" म्हणत फसले होते.

शाळेत गिफ्ट एक्स्चेंजही असेल तर त्याच्या पैशांचं पाकीट वेगळं ठेवा. शंभरची मर्यादा असेल तर वस्तू ८५ पर्यंतच घ्या, रॅपिंग पेपर आणि टेप त्यातच बसवा. महागडं दिलंत तर समोरच्या मुलाच्या आईला अवघडल्यासारखं होतं.