हिमोग्लोबिनसमोर खालचा बाण

“वय ३४. यंदाच्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.८ आलं आणि समोर खाली जाणारा बाण. रिपोर्टवर मर्यादा १२.० ते १५.० अशी छापली आहे. गेल्या वर्षी १३.४ होतं. भाऊ संख्याशास्त्र शिकतो; तो म्हणतो, निरोगी बायकांपैकीही अडीच टक्के जणी या मर्यादेखाली असतातच, तू त्यातलीच. मी गप्प बसू का?”

गप्प बसू नका. तुमचा भाऊ नियम बरोबर सांगतोय, पण तो तुमच्या बाबतीत चुकीच्या जागी लावतोय.

आधी त्याचं गणित पूर्ण करू. निरोगी स्त्रियांची हिमोग्लोबिन मूल्यं मांडली की साधारण घंटेच्या आकाराचा नॉर्मल वक्र मिळतो. त्याच्या मधल्या ९५ टक्के भागाची दोन टोकं म्हणजे छापलेली मर्यादा. वक्र सममित धरला तर सरासरी बरोबर मध्ये, १३.५. मूल्यं सरासरीभोवती किती पसरली आहेत, याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. ही दोन टोकं सरासरीपासून १.९६ प्रमाण विचलन दूर असतात, म्हणून एक प्रमाण विचलन १.५ भागिले १.९६, म्हणजे सुमारे ०.७७. तुमचं मूल्य सरासरीपेक्षा १.७ने कमी आहे. त्याला या विचलनाने भागलं की झेड स्कोअर येतो उणे २.२. नॉर्मल वक्राच्या तक्त्यात त्याच्या डावीकडचं क्षेत्रफळ सुमारे १.३ टक्के. हजार निरोगी स्त्रियांत तेरा-चौदा जणी तुमच्याएवढ्या किंवा त्याहून खाली असतील.

गफलत इथून पुढे होते. निरोगी स्त्रियांपैकी किती जणी खाली असतात, एवढंच हे क्षेत्रफळ सांगतं. खाली असलेल्यांपैकी किती जणी निरोगी, हा प्रश्न वेगळा आहे. समजा एखाद्या गटातल्या हजार स्त्रियांपैकी ३०० जणींना लोह कमी पडतंय आणि त्यातल्या निम्म्या १२च्या खाली आहेत. त्या झाल्या १५०. उरलेल्या ७०० निरोगींचे अडीच टक्के म्हणजे सुमारे १८. अशा गटात बाण आलेल्या दहापैकी नऊ जणींना खरोखर कमतरता आहे. लोह कमी असलेल्या फक्त ५० असत्या, तर २५ विरुद्ध २४ अशी जवळजवळ बरोबरी झाली असती. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण यावरून दिसेल की झेड स्कोअर तोच राहूनही निष्कर्ष बदलतो. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर तुम्ही पहिल्या गटाच्या जवळ आहात.

आता भावाने सोडून दिलेला आकडा: १३.४. छापलेला वक्र अनेक स्त्रियांचा मिळून बनलेला असल्यामुळे रुंद असतो. एकाच निरोगी व्यक्तीचं हिमोग्लोबिन मात्र स्वतःच्या नेहमीच्या पातळीभोवती फारच थोडं हलतं. शरीरातला आणि यंत्राचा चढउतार धरून सुमारे ३.२ टक्के. १३.४ वर ते होतं ०.४३. दोन मोजण्यांची तुलना करताना चूक दोन्हीकडे असते, म्हणून याला २च्या वर्गमुळाने गुणायचं: ०.६१. तुमची घट १.६, म्हणजे स्वतःच्या वक्रावर झेड उणे २.६. काहीच बदललेलं नसताना एवढी घट हजारात चार-पाच वेळाच दिसेल. खरं तर तुम्ही १४.४वरून १२.६ला आला असतात तर बाण छापलाच गेला नसता, तरी मी हेच म्हटलं असतं. उलट, वर्षानुवर्षं ११.८च असणारीच्या बाबतीत भावाचं म्हणणं बरंच पटण्यासारखं ठरलं असतं, तेही लोह तपासल्यावरच.

हे सगळं दोन्ही मोजण्या सारख्या पद्धतीने झाल्या असतील तरच. एकदा बोट टोचून आणि एकदा शिरेतून रक्त घेतलं असेल, किंवा एकदा आडवं पडून आणि एकदा बसून, तर तेवढ्यानेच आकडा हलतो. आडवं पडल्यावर रक्तातलं पाणी वाढतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. गरोदर असाल तर हा वक्रच तुमचा नाही. पहिल्या तिमाहीत जागतिक आरोग्य संघटना ११.० ही सीमा धरते.

म्हणून पुन्हा त्याच प्रयोगशाळेत, पंधरा मिनिटं बसून, शिरेतून रक्त द्या आणि सोबत लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करून घ्या. ते १५च्या खाली आलं तर लोहाचा साठा संपलाय. मग डॉक्टरांकडे लोह कमी होण्याचं कारण शोधायचं. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वर जातं, तेव्हा बरं वाटेपर्यंत थांबा. आणि रक्त देईपर्यंत स्वतःहून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. त्याने फेरिटिन वाढून दिसेल आणि मूळ साठा किती होता ते कळणार नाही.