घड्याळातला किलोमीटर आणि रस्त्यावरचा किलोमीटर

प्रश्न: वय ४७. बोस्टन मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी ३:१५ हवेत. किलोमीटरला किती पेस धरू? कोर्स मोजण्यात थोडी चूक असेल तर किती सेकंद हातचे ठेवू?

४:२७ धरा, आणि तो रस्त्यावरच्या किलोमीटरच्या बोर्डांवर मोजा, जीपीएस घड्याळावर नाही. घड्याळावर विसंबून माझी एक अख्खी मॅरेथॉन गेली आहे, म्हणून लिहायला बसलो.

जानेवारी २०२३. तेव्हा आपल्या वयोगटाला ३:२० लागायचे. भागाकार केला की ४:४४ येतो, मी ४:४३ धरला. कमाटीबागेतल्या आमच्या ग्रुपचे दादा म्हणाले होते, "किलोमीटरला एक सेकंद हातचा ठेव, पुष्कळ झालं." शेवटपर्यंत सरासरी ४:४३ वरून हलू दिली नाही. मनगटावर ४२.२० उमटलं तेव्हा ३:१९:०१ झाले होते आणि पुढे शेवटची कमान दिसतसुद्धा नव्हती. नुसतं वळण, केळ्याच्या सालींनी भरलेला रस्ता आणि एक पाण्याचं टेबल. कमानीखालून गेलो तेव्हा ३:२१:०७, आणि घड्याळात ४२.६४.

बडोद्याला परत आल्यावर दादा म्हणाले, "अरे, कोर्सच लांब होता. तुझी काही चूक नाही." ग्रुपमध्ये आजही ते हेच सांगतात. मला तेव्हा बरं वाटलं होतं, पण हे खरं नाही. तो कोर्स रीतसर मोजलेला, प्रमाणपत्र असलेला होता.

असा कोर्स सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला फेरे मोजणारा जोन्स काउंटर लावतात, पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल आधी जुळवून घेतात आणि मग वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, धावणाऱ्याला मिळू शकेल अशा सगळ्यात जवळच्या रेषेने चालवतात. वर दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे कुणी पुन्हा मोजलं तरी कोर्स कमी भरू नये. मॅरेथॉनला हे झाले ४२ मीटर. तुमच्या वेगाने १२ सेकंद. तुम्ही विचारलेली 'मोजण्यातली चूक' एवढीच आहे, किलोमीटरला पाव सेकंदाच्या आसपास.

मग माझे ४४५ मीटर आले कुठून? थोडे माझ्या पायांनी. काटकोनी वळण कडेपासून ४ मीटर बाहेरून घेतलं की ६ मीटर जास्त पडतात. शिवाय पाण्यासाठी डावीकडे जा, गर्दी चुकवायला उजवीकडे या. उरलेले घड्याळाच्या जीपीएसचे. उंच इमारती आणि झाडांखाली त्याची रेघ वाकडीतिकडी होते. नंतर मी ४०० मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या लेनमधून २५ फेऱ्या मारून पाहिल्या. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा १० किलोमीटरचे घड्याळाने १०.०९ दाखवले.

म्हणून मी घड्याळाचं अंतर एक टक्का फुगलेलं धरतो. ३:१५ चा कोरा भागाकार ४:३७ होतो, पण घड्याळ ४२.६ दाखवणार असेल तर त्यावर ४:३४ दिसायला हवा. तीन सेकंद इथेच गेले. दादांच्या एका सेकंदात हे बसत नाही, कोर्स कितीही अचूक असू दे.

शर्यतीत ऑटोलॅप बंद ठेवा आणि प्रत्येक बोर्डापाशी स्वतः लॅप दाबा. एखादा बोर्ड जागा चुकून लावलेला असतो. एक लॅप ४:१५ आणि पुढचा ४:४० आला तर घाबरू नका, दोन्हींची बेरीज बघा. हाताला पट्टी बांधा: ५ किलोमीटरला २२:१७, अर्ध्यावर १:३४:००. यात शेवट ३:०८ ला होतो.

३:०८ का, तर ३:१५ च्या आत येऊन बोस्टनची जागा मिळतेच असं नाही. अर्ज जास्त आले की वेगवान आधी घेतात. २०२४ ला प्रत्येकाच्या मर्यादेपेक्षा ५:२९ कमी लागले, २०२५ ला ६:५१, २०२६ ला ४:३४. त्या हिशेबाने दादांचा एक सेकंद सोडा, मी ३:१९ ला पोचलो असतो तरी माझा अर्ज परत आला असता. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, या वेळी सांगणार आहे.

एक राहिलं. कोर्स कमी भरला तर हातच्या सेकंदांचा काही उपयोग नाही, ती वेळ धरतच नाहीत. नोंदणीआधी प्रमाणपत्र बघा. आणि ४:२७ हा आकडा तुमच्या पायांत आत्ता आहे का हे मला माहीत नाही. हाफ १:३० च्या आसपास येत नसेल तर यंदा ३:१५ च्या मागे लागू नका.